‘ईच’ला हॅज, मग ‘द टीचर्स ईच’ला हॅव कसं? एका सराव-पानाचा अभ्यास

आमच्या शेजारची मुलगी यंदा दहावीत आहे. सातवीपर्यंत ती मराठी माध्यमात होती, आठवीपासून सीबीएसईच्या शाळेत गेली. तिथल्या दहावीच्या इंग्रजीत व्याकरणाचे विषय मोजकेच असतात: काळ, मोडल्स, कर्ता आणि क्रियापदाचा मेळ, रिपोर्टेड स्पीच आणि डिटर्मिनर्स. यातल्या डिटर्मिनर्सवर ती अडायची, आणि तेही अ, अॅन, द यांवर नाही, तर ईच, एव्हरी, ऑल, होल, बोथ, आयदर, नायदर या सात शब्दांवर. तिच्या आईने तिला माझ्याकडे पाठवलं तेव्हा तिच्या वहीत या सातही शब्दांचे नियम सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. ‘ईच म्हणजे एकवचन, ऑल म्हणजे अनेकवचन, बोथ म्हणजे अनेकवचन.’ नियम पाठ होते, तरी उत्तरं चुकत होती.

म्हणून मी तिला शिकवायला लगेच सुरुवात केली नाही. वर्गाची गडावरची सहल हा विषय धरून दहा वाक्यांचं एक पान लिहिलं आणि सोडवायला दिलं. सोडवून झाल्यावर कुठलंही उत्तर बरोबर की चूक हे न सांगता प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारला, “हे का लिहिलंस?” तिने दिलेली कारणं मी समासात टिपून घेतली. दहापैकी तीन बरोबर आली, सात चुकली. त्या सात चुकांमागे कारणं मात्र पाचच निघाली. हा लेख त्या पाच कारणांचा आहे.

एक खुलासा आधी करते. इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीतच लिहिली आहेत. वाचताना ती मोठ्याने म्हणून पाहावीत, कारण मेळ चुकला की तो बऱ्याचदा कानालाच आधी कळतो.

दोन उलट चुका

चौथं वाक्य होतं: ‘ईच ऑफ द गर्ल्स ___ अ कॅप.’ हॅज आणि हॅव यांतलं एक निवडायचं होतं. तिने हॅव लिहिलं.

दहावं वाक्य होतं: ‘द टू टीचर्स ईच ___ अ टॉर्च.’ इथेही हॅज किंवा हॅव. इथे तिने हॅज लिहिलं.

दोन्ही चूक, आणि दोन्ही नेमक्या उलट्या. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं की अंदाजाने ठोकून दिलंय. पण कारणं विचारली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. चौथ्यात ती म्हणाली, “काकू, गर्ल्स अनेक आहेत ना, म्हणून हॅव.” दहाव्यात म्हणाली, “ईच आहे ना, ईचला हॅज येतं, वहीत लिहिलंय.” म्हणजे दोन्ही ठिकाणी तिने गाळलेल्या जागेच्या लगेच डावीकडचा शब्द पाहिला होता. एका ठिकाणी तो गर्ल्स होता, दुसऱ्या ठिकाणी ईच. मुलगी बेफिकीर नव्हती. ती अगदी एकच पद्धत इमानाने वापरत होती, फक्त ती पद्धत चुकीची होती.

इंग्रजीत क्रियापद जवळच्या शब्दाशी नव्हे, कर्त्याशी जुळतं. ‘ईच ऑफ द गर्ल्स’मध्ये कर्ता ईच आहे. ‘ऑफ द गर्ल्स’ हा तुकडा फक्त कुणांपैकी ते सांगतो, त्याला क्रियापदावर हक्क नाही. म्हणून ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ कॅप’. ‘द टू टीचर्स ईच’मध्ये मात्र कर्ता टीचर्स आहे. ईच तिथे कर्त्याच्या मागून येऊन ‘प्रत्येकी’ एवढंच सांगतो. तो काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं: ‘द टू टीचर्स हॅव अ टॉर्च’. म्हणून हॅव. ‘वी ईच हॅव’, ‘दे ईच वेअर’ ही सगळी याच घरातली.

मी तिला एक कृती दिली. ‘ऑफ’पासून सुरू होणारा तुकडा बोटाने झाकायचा. ‘ईच ___ अ कॅप’ उरतं, आणि तिथे हॅव कानाला खटकतं. दहाव्या वाक्यात ऑफ नाहीच, तिथे ईच झाकून पाहायचा. ईच झाकल्यावर कर्ता शिल्लक राहिला, तर क्रियापद त्या कर्त्याचं.

पण ही चूक मराठी मुलांच्या हातून इतकी का होते, यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला वाटतं खरं कारण आपल्या वाक्याच्या बांधणीत आहे. हे वाक्य मराठीत म्हणून पाहा: ‘प्रत्येक मुलीकडे टोपी आहे.’ इथलं ‘आहे’ कुणाशी जुळतं? टोपीशी. ‘प्रत्येक मुलीकडे दोन टोप्या आहेत’ म्हटलं की क्रियापद बदललं, मुलगी मात्र एकच राहिली. भूतकाळातही तेच: ‘प्रत्येक मुलीने टोपी आणली’, ‘प्रत्येक मुलीने डबे आणले’. क्रियापद वस्तूच्या मागे जातं. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याच्याशी क्रियापद जुळवायची सवय आपल्याला या वाक्यांत कधी लागतच नाही. हॅज-हॅवच्या वाक्यात आपण पहिल्यांदाच तो शोध घ्यायला बसतो, आणि मग जवळचा शब्द हाताला लागतो. हे तिला सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे इंग्रजीत टोपी किती याचा संबंधच नाही?” नाही. ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज टू कॅप्स’. टोप्या दोन असोत की दहा, हॅजच.

पाणी मोजता येत नाही

सहावं वाक्य: ‘बाय नून ___ द वॉटर वॉज फिनिश्ड.’ पर्याय ऑल आणि होल. तिने होल लिहिलं.

या उत्तराने मला सगळ्यात जास्त शिकवलं. मराठीत ‘सगळं पाणी संपलं’, त्यामुळे ऑल सहज सुचायला हवा होता. सुचलाही होता. तिच्या कागदावर ऑल खोडलेला दिसत होता. का खोडला? “ऑल अनेकवचनी असतो, आणि पुढे वॉज दिलंय. वॉजऐवजी ‘वर’ असतं तर ऑल लिहिला असता.” वहीतल्या नियमाने तिचं बरोबर उत्तर खोडायला लावलं होतं.

ऑल स्वतः एकवचनी नाही आणि अनेकवचनीही नाही. त्याच्यापुढे जे नाम येतं त्याच्यावर क्रियापद ठरतं. ‘ऑल द स्टुडंट्स वर टायर्ड’, कारण विद्यार्थी मोजता येतात आणि ते अनेक आहेत. ‘ऑल द वॉटर वॉज फिनिश्ड’, कारण पाणी मोजता येत नाही, आणि न मोजता येणारं नाम इंग्रजीत एकवचनी क्रियापद घेतं. ऑफ आला तरी तेच: ‘ऑल ऑफ द फूड इज रेडी’, ‘ऑल ऑफ द प्लेट्स आर क्लीन’. ईचसाठी शिकवलेली ऑफचा तुकडा झाकायची कृती ऑलसाठी चालत नाही, हे इथे ठासून सांगावं लागतं. ईच, आयदर, नायदर यांच्यात ऑफनंतरचं नाम क्रियापदासाठी विसरायचं. ऑलमध्ये नेमकं तेच पाहायचं.

आता होल का चालत नाही? याची कसोटी मराठीतच आहे, आणि मला ती फार आवडते. ‘सगळा’ आणि ‘अख्खा’ हे दोन शब्द आपण नीट वेगळे वापरतो. सगळा दिवस म्हणतो आणि अख्खा दिवसही म्हणतो. सगळी भाकरी, अख्खी भाकरी. पण ‘सगळं पाणी संपलं’ म्हणतो, ‘अख्खं पाणी संपलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘अख्खा’ लागायला वस्तूला कडा लागते, सुरुवात आणि शेवट लागतो. भाकरीला ती आहे, दिवसाला आहे, वर्गाला आहे. पाण्याला नाही, साखरेला नाही. होलचं अगदी असंच आहे. ‘द होल डे’, ‘द होल क्लास’, ‘अ होल अॅपल’ चालतं, ‘द होल वॉटर’ चालत नाही. पाणी भांड्यात घातलं की त्याला कडा येते, म्हणून ‘द होल बॉटल’ म्हणता येतं, आणि आपणही ‘अख्खी बाटली’ म्हणतोच.

पाचवं वाक्य ‘वी स्पेंट द ___ डे ऑन द फोर्ट’ होतं आणि तिथे तिने होल बरोबर लिहिलं होतं. पण कारण विचारल्यावर “असंच वाटलं” म्हणाली. म्हणून तिला दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवली. पाचव्यात ‘द’ रिकाम्या जागेच्या आधी आहे, सहाव्यात नंतर. होल नेहमी द, माय, हिज यांच्या मागून येतो: ‘द होल डे’, ‘माय होल लाइफ’. ऑल आणि बोथ त्यांच्या पुढे उभे राहतात: ‘ऑल द वॉटर’, ‘ऑल माय लाइफ’, ‘बोथ द डोअर्स’. ‘होल द डे’ किंवा ‘द बोथ डोअर्स’ होत नाही. परीक्षेत अर्थ मुळीच कळला नाही तरी द कुठे बसलाय एवढ्यावरून होल आणि ऑल यांचा निकाल लागतो.

होलचं क्रियापद सोपं आहे. ‘द होल क्लास इज हिअर’. वर्गात चाळीस मुलं असली तरी वर्ग एक. ब्रिटिश इंग्रजीत ‘द क्लास आर’ असंही कानावर पडतं, पण आपल्याकडच्या परीक्षांत इज लिहिलेलं कधीच अंगाशी येत नाही.

दोन दारं आणि एक ‘नॉट’

सातवं वाक्य: ‘वी ट्राइड टू डोअर्स, बट ___ ऑफ देम वॉज ओपन.’ तिने बोथ लिहिलं आणि इथे तिने आणखी एक गोष्ट केली. वॉजच्या पुढे छोटंसं ‘नॉट’ स्वतःच घातलं: ‘बोथ ऑफ देम वॉज नॉट ओपन’.

गाळलेल्या जागेबाहेर काही लिहायला परवानगी नव्हती, पण ते ‘नॉट’ पाहून मला बरंच वाटलं. तिला अर्थ पूर्ण कळला होता. ‘बट’ आलंय म्हणजे दारं बंद होती, हे तिने ओळखलं होतं. मनात मराठी वाक्य होतं, ‘दोन्ही दारं उघडी नव्हती’. त्यातलं ‘दोन्ही’ बोथ झालं आणि ‘नव्हती’ ‘नॉट’ झालं. शब्दाला शब्द जुळला, इंग्रजी मात्र झालं नाही.

मराठीत नकार क्रियापदात राहतो. नव्हती, नाही, नाहीत, नको. कर्त्याच्या जागेवर नकार बसवायची आपल्याला गरज पडत नाही. इंग्रजीत ती सोय आहे आणि इथे ती वापरावीच लागते. नायदर या शब्दात ‘दोघं’ही आहेत आणि ‘नाही’ही आहे. नकार तिथे खर्च झाला की क्रियापद होकारार्थी राहतं: ‘नायदर ऑफ देम वॉज ओपन’. ‘नायदर ऑफ देम वॉज नॉट ओपन’ लिहिलं तर नकार दोनदा होतो, आणि दारं उघडी असल्याचा अर्थ निघू लागतो.

‘बोथ ऑफ देम वर नॉट ओपन’ हे का टाळायचं, हेही तिने विचारलं. कारण त्यातून दोन अर्थ निघू शकतात: दोन्ही बंद होती, किंवा दोन्ही काही उघडी नव्हती, एकच होतं. मराठीतही ‘सगळे आले नाहीत’ या वाक्यात हीच अडचण आहे. कुणीच आलं नाही, की काही आले आणि काही राहिले? म्हणून आपण नेमकं बोलायचं असलं की ‘ही’ लावतो किंवा ‘एकही’ म्हणतो. ‘दोघेही आले नाहीत.’ ‘एकही दार उघडं नव्हतं.’

इथून मला एक कसोटी सुचली आणि ती तिच्यासाठी चालली. इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ ‘दोन्हीपैकी एकही… नाही’ असा म्हणून पाहायचा. तसा बसला तर नायदर, आणि या मराठी बांधणीतच क्रियापदाचं उत्तरही आहे. ‘दोन्ही दारं उघडी नव्हती’ हे अनेकवचनी आहे, ‘एकही दार उघडं नव्हतं’ हे एकवचनी. नायदर दुसऱ्या वाक्यासारखा वागतो. ‘नायदर डोअर वॉज ओपन’, दार एकच, क्रियापद एकवचनी. ‘नायदर ऑफ द डोअर्स वॉज ओपन’, ऑफनंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद तरी एकवचनीच.

तिची पुढची शंका चांगली होती. “मग ‘आय डिडन्ट लाइक आयदर ऑफ देम’ यातही ‘एकही नाही’ आहे. तिथे नायदर का नाही?” कारण तिथे नकार डिडन्टमध्ये आधीच आला आहे. इंग्रजीत एक नकार पुरतो. नकार आधी येऊन गेला की मागे आयदर, आणि नकार अजून आलेलाच नसला, वाक्य याच शब्दाने सुरू होत असलं, तर नायदर. म्हणूनच ‘आयदर ऑफ देम वॉज नॉट ओपन’ असंही लिहीत नाहीत. तिथे आयदर नकाराच्या आधी पडतो.

दारं तीन असती तर नायदर गेला असता आणि नन आला असता: ‘नन ऑफ द डोअर्स’. तसंच नवव्या वाक्यातल्या आयदरचं. ‘देअर आर टू पाथ्स, यू मे टेक ___ पाथ.’ तिने आयदर बरोबर लिहिलं, आणि कारणही बरोबर दिलं: वाटा दोनच आहेत आणि कोणतीही चालेल. वाटा तीन असत्या तर मराठीत ‘कोणतीही’ हाच शब्द राहिला असता, इंग्रजीत मात्र आयदर सोडून एनी घ्यावा लागला असता.

रस्त्याच्या दोन्ही बाजू

आठवं वाक्य: ‘देअर वर शॉप्स ऑन ___ साइड ऑफ द रोड, लेफ्ट अँड राइट.’ पर्याय बोथ आणि आयदर. तिने बोथ लिहिलं. हे उत्तर जवळजवळ सगळेच लिहितात, कारण दुकानं खरोखरच दोन्ही बाजूंना आहेत आणि आयदर म्हणजे ‘दोहोंपैकी एक’ असं सगळ्यांना शिकवलेलं असतं.

पण रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द पाहायला हवा. साइड, एकवचनी. बोथला अनेकवचन लागतं, ‘ऑन बोथ साइड्स’. साइड लिहिलंय म्हणजे बोथ बाद, उरतो आयदर. आणि ‘ऑन आयदर साइड’ म्हणजे दोन्ही बाजूंना. ही काही विचित्र अपवादाची गोष्ट नाही. जुन्या इंग्रजीत आयदरचा मूळ अर्थच ‘दोहोंपैकी प्रत्येक’ असा होता, ‘यापैकी एक’ हा अर्थ नंतर आला. साइड, एंड, हँड अशा जोडीच्या शब्दांपाशी जुना अर्थ टिकून राहिला आहे. ‘अॅट आयदर एंड ऑफ द टेबल’, म्हणजे टेबलाच्या दोन्ही टोकांना. ईच साइड म्हटलं तरी हाच अर्थ होतो, पण तो पर्याय पानावर नव्हता.

इथे चूक अर्थाची नव्हती. अर्थ तिने बरोबरच लावला होता. तिने नामाकडे पाहिलं नव्हतं. म्हणून या वाक्यानंतर आम्ही क्रमच ठरवून टाकला. आधी रिकाम्या जागेच्या उजवीकडचं नाम पाहायचं, एकवचनी की अनेकवचनी, की ऑफ आहे, की द आहे. मग संख्या, दोन की जास्त. अर्थ सगळ्यात शेवटी. तिला हे उलटं वाटलं, कारण वाचताना आपण अर्थापासूनच सुरुवात करतो. पण या सात शब्दांत अर्थ मराठीत एकमेकांवर चढतात. नामाचं रूप मात्र कागदावर छापलेलं असतं, ते फसवत नाही.

‘प्रत्येक’च्या पोटातले दोन शब्द

आता उरलेली दोन वाक्यं. दुसरं: ‘देअर वर टू बसेस अँड ___ बस हॅड अ फर्स्ट-एड बॉक्स.’ तिने एव्हरी लिहिलं. तिसरं: ‘द गाइड स्टॉप्ड ___ टेन मिनिट्स.’ तिने ईच लिहिलं. आणि पहिलं, ‘___ स्टुडंट वॉज गिव्हन अ बॉटल’, यात तिने ईच लिहिलं होतं, ते बरोबर होतं. तिथे एव्हरी लिहिलं असतं तरी बरोबरच धरलं असतं. दोन्हींनंतर एकवचनी नाम आणि एकवचनी क्रियापद येतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ते एकमेकांची जागा घेतात. फरक पडतो तो मोजक्याच जागी, आणि परीक्षेत नेमक्या त्याच जागा विचारल्या जातात.

एव्हरी हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘एव्हर’ आणि ‘ईच’ या दोघांच्या जोडणीतून झाला आहे. म्हणजे तो ईचचाच भाऊ, पण त्याची नजर पूर्ण घोळक्यावर असते. ईच एकेकाकडे वळून पाहतो. दोनच वस्तूंचा घोळका होत नाही, म्हणून दोन बसेससाठी ईच. एव्हरीला किमान तीन लागतात. ‘ऑलमोस्ट एव्हरी’, ‘निअरली एव्हरी’ म्हणता येतं, ‘ऑलमोस्ट ईच’ म्हणत नाहीत, कारण ‘जवळजवळ’ हे घोळक्याबद्दल म्हणता येतं, एकेकाबद्दल नाही. आणि एव्हरीच्या मागे थेट ऑफ येत नाही. ‘एव्हरी ऑफ द बॉइज’ चूक, ‘एव्हरी वन ऑफ द बॉइज’ बरोबर, आणि क्रियापद तिथेही एकवचनी.

मराठीत ‘प्रत्येक’ एकच आहे, त्यामुळे तो शब्द मनात आला की निवड अडते. पण आपल्याकडे त्याच्या आजूबाजूला दुसरे शब्द आहेत, आणि तेच कामाला येतात. ‘प्रत्येक’च्या जागी ‘दर’ बसतो का पाहायचं. दर दहा मिनिटांनी, दर रविवारी, दर चार तासांनी. बसला तर एव्हरी. म्हणून ‘एव्हरी टेन मिनिट्स’, आणि इथेच एव्हरीच्या पुढे अनेकवचनी नाम येतं, कारण दहा मिनिटांचा तो एक टप्पा धरलेला असतो. आणि ‘प्रत्येकी’ किंवा ‘एकेकाला’ बसला तर ईच. ‘त्यांना प्रत्येकी पन्नास रुपये मिळाले’, ‘दे गॉट फिफ्टी रुपीज ईच’. हा ईच वाक्याच्या शेवटी जातो, एव्हरी तिथे कधीच जाऊ शकत नाही.

हे ‘दर’ तिला इतकं पटलं की तिने वहीतला जुना नियम खोडून त्याच्या शेजारी तेवढा एकच शब्द लिहिला.

आठवड्यानंतरचं पान

पुढच्या रविवारी दहा नवीन वाक्यं दिली. आठ बरोबर आली. दारांच्या वाक्यासारखं एक वाक्य मुद्दाम घातलं होतं, तिथे नायदर आला आणि ‘नॉट’ आला नाही. ‘द बॉइज ईच ___’ला हॅव आलं. पाण्याऐवजी भात घातला होता, ‘ऑल द राइस वॉज’ आलं.

चुकलेल्या दोनांपैकी एक होतं: ‘एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल ___ टू साइन.’ तिने हॅव लिहिलं, कारण मध्ये अँड आहे. अँडने जोडलेला कर्ता एरवी अनेकवचनी असतो हे खरं, पण दोन्हीकडे एव्हरी किंवा ईच असला तर क्रियापद एकवचनीच राहतं, हॅज. हा नियम तिला मी सांगितलाच नव्हता, त्यामुळे ही चूक माझ्या खात्यात.

दुसरं वाक्य होतं: ‘इट रेन्ड ओव्हर ___ महाराष्ट्र.’ तिने ‘द होल’ लिहिलं. आपण ‘अख्खा महाराष्ट्र’ बिनदिक्कत म्हणतो, म्हणजे माझी आवडती कसोटी इथे तिला फसवून गेली. देश, राज्य, शहर यांच्या विशेषनामापुढे इंग्रजीत ‘द होल’ थेट लागत नाही. ‘द होल ऑफ महाराष्ट्र’ किंवा ‘ऑल ऑफ महाराष्ट्र’ म्हणावं लागतं. ‘द होल स्टेट’ चालतं, कारण स्टेट हे सामान्यनाम आहे. तेव्हापासून ‘अख्खा’ची कसोटी देताना मी हा अपवाद आधीच सांगते.

एका वाक्यावर तिने माझ्याशी वाद घातला. ‘नायदर ऑफ देम ___ रेडी’ इथे तिने इज लिहिलं होतं, बरोबर होतं, पण ती म्हणाली, “काकू, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत मी ‘नायदर ऑफ देम आर’ असं ऐकलंय. ते इंग्रजच बोलत होते.” तिने ऐकलेलं खरं आहे. बोलण्यात नायदर ऑफ आणि आयदर ऑफ यांच्यानंतर अनेकवचनी क्रियापद येतं, आणि ते बोलणारे काही अडाणी नसतात. ऑफनंतरचं अनेकवचन त्यांच्याही कानात घुमत असतं, अगदी तिच्या चौथ्या वाक्यातल्या गर्ल्ससारखं. पण लेखी, औपचारिक इंग्रजीत आणि पेपर तपासणाऱ्यापुढे एकवचनच धरलं जातं, म्हणून उत्तरपत्रिकेत इज. ईच ऑफला मात्र ही सूट नाही, तिथे हॅव ही चूकच मानतात.

जाता जाता तिने वहीतल्या ‘दर’कडे बोट दाखवून विचारलं, “मग ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दर दुसऱ्या दिवशी ना?” शब्दांनी पाहिलं तर तसंच दिसतं. पण आपण ‘दर’ न वापरता त्याला ‘दिवसाआड’ म्हणतो: आज, मग परवा, मग पुन्हा एक दिवस सोडून. ती दारातच उभी राहून बोटांवर मोजत होती, सोमवार, बुधवार, शुक्रवार.